नळ्यांच्या रांगांतून आडवा जाणारा वायू : सरासरी उष्णता संक्रमण गुणांक कसा काढायचा

मागच्या व्याख्यानात आपण एकट्या नळीवरून आडवा वाहणारा वायू पाहिला. नळीच्या पुढच्या बाजूला हवा आपटते, दोन्ही बाजूंनी वळसा घालते, मग पृष्ठभाग सोडून देते आणि मागे भोवरे तयार होतात. आता प्रश्न असा की प्रत्यक्षात एकटी नळी कुठे असते? कारखान्यात पाहिलं तर नळ्यांचा अख्खा संच असतो. पहिल्या रांगेचे भोवरे दुसरीवर जातात, दुसरीचे तिसरीवर. मग एकट्या नळीचं सूत्र इथे चालेल का?

आपण धुळ्यात बसलो आहोत, तेव्हा उदाहरण जवळचंच घेऊ. भुसावळजवळ दीपनगरला महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे 210 मेगावॅटचा एक आणि 500 मेगावॅटचे दोन संच आपल्या परिचयाचे आहेत. अशा कोळशावरच्या बॉयलरमध्ये धूर चिमणीकडे निघण्याआधी त्याची उरलीसुरली उष्णता काढून घेतात. ते काम इकॉनॉमायझर करतो. नळ्यांच्या आत बॉयलरला जाणारं पाणी, बाहेरून नळ्यांना आडवा जाणारा गरम धूर. पुढचे आकडे दीपनगरच्या यंत्राचे नाहीत, हे आधीच सांगतो. असल्या यंत्रात शोभतील असे ते आपण हिशेबासाठी घेतले आहेत.

आधी मांडणी. नळ्या दोन प्रकारे लावता येतात. एक म्हणजे सरळ रांगेत, नळीमागे बरोबर नळी. धुळ्याच्या जुन्या शहरातल्या नंबरच्या गल्ल्या डोळ्यांसमोर आणा: एका टोकाला उभं राहिलं की नजर सरळ आत जाते. दुसरी पद्धत आड-तिड, म्हणजे दोन नळ्यांच्या फटीसमोर मागची नळी. केळीच्या बागेत काही जण झाडं चौकोनी लावतात आणि काही त्रिकोणी, तसाच हा फरक. त्रिकोणी लावणीत वाऱ्याला सरळ वाट मिळत नाही, त्याला वळत वळत जावं लागतं.

आता मापं घेऊ. नळीचा बाहेरचा व्यास 50 मिमी. प्रवाहाला आडव्या दिशेत दोन नळ्यांच्या मध्यांतलं अंतर 100 मिमी आणि प्रवाहाच्या दिशेतही 100 मिमी. नळ्या सरळ रांगेत. धूर 450 अंश सेल्सिअसला आत येतो, 300 ला बाहेर जावा अशी अपेक्षा आहे. नळीचा पृष्ठभाग साधारण 260 अंशांवर आहे असं धरू. आत पाणी असल्यामुळे त्या बाजूचा गुणांक हजारांत असतो, म्हणून सगळी अडचण धुराच्या बाजूलाच आहे. संचाच्या तोंडाशी धुराचा वेग सेकंदाला 5 मीटर. हा वेग आपण सरासरी तापमानाला मोजला आहे.

इथेच सगळ्यात महत्त्वाची पायरी येते. सूत्रात कुठला वेग घालायचा? तोंडाशी असलेला 5 नव्हे. धुराला नळ्यांमधल्या फटीतून जायचं आहे. 100 मिमी रुंदीपैकी 50 मिमी नळीने अडवली, म्हणून उरलेल्या 50 मधून वेग दुप्पट होतो:

```
Vmax = V * ST / (ST - D) = 5 * 100 / 50 = 10 m/s
```

आड-तिड मांडणीत जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. तिथे सगळ्यात अरुंद जागा कधी कधी तिरक्या फटीत असते. तिरकं अंतर आडव्या अंतर आणि व्यासाच्या बेरजेच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, तर जास्तीत जास्त वेग तिथे असतो. सरळ रांगेत ही भानगड नाही.

धुराचे गुणधर्म सरासरी तापमानाला घ्यायचे, म्हणजे 375 अंश सेल्सिअसला. धूर म्हणजे बहुतेक नायट्रोजनच, म्हणून पहिल्या अंदाजासाठी हवेचे तक्ते चालतात. त्या तापमानाला हवेची उष्णतावाहकता 0.0497 वॅट प्रति मीटर-केल्विन, चिपचिपेपणा आणि घनतेचं गुणोत्तर सुमारे 60.2×10⁻⁶ वर्गमीटर प्रति सेकंद, आणि प्रांड्टल संख्या 0.69. रेनॉल्ड्स संख्या मग अशी येते:

```
Re = 10 * 0.05 / 60.2e-6 ≈ 8300
```

आता सूत्र. लिथुएनियाचे अल्गिर्दास झुकाउस्कास यांनी नळ्यांच्या संचांवरचा बराच प्रायोगिक आधार एकत्र आणून 1972 मध्ये जी मांडणी दिली, ती आजही पाठ्यपुस्तकांत पहिली येते. सरळ रांगेसाठी, रेनॉल्ड्स संख्या हजार ते दोन लाखांच्या मध्ये असेल तर:

```
Nu = 0.27 * Re^0.63 * Pr^0.36 * (Pr/Prs)^0.25
```

शेवटचा कंस पृष्ठभागाच्या तापमानाची दुरुस्ती आहे. वायूंसाठी तो जवळपास एक येतो, सोडून देऊ. तेल असतं तर सोडून चाललं नसतं. आकडे घातले की नुसेल्ट संख्या सुमारे 69.6 येते, आणि गुणांक:

```
h = 69.6 * 0.0497 / 0.05 ≈ 69 W/m²K
```

हा आकडा बरोबर वाटतो का, ते तपासू. एकट्या नळीचं मागच्या वेळचं सूत्र याच 10 मीटर वेगाला सुमारे 45 देतं. संचाचं सूत्र वीसपेक्षा जास्त रांगांसाठी आहे; एकच रांग असेल तर त्याला 0.70 ने गुणायचं असतं. 69 चे सत्तर टक्के म्हणजे 48. म्हणजे एक रांग आणि एकटी नळी यांत फारसं अंतर नाही, जसं असायला हवं तसंच. मग बाकीच्या रांगांना जास्त का मिळतं? पहिली रांग शांत प्रवाहात उभी असते. तिच्या मागे प्रवाह ढवळला जातो आणि पुढच्या रांगांवर तो ढवळलेलाच पोचतो, त्यामुळे नळीजवळचा संथ थर पातळ होतो. साधारण चौथ्या-पाचव्या रांगेपर्यंत गुणांक वाढत जातो आणि मग स्थिरावतो. म्हणून चार रांगांच्या लहान संचाला सरासरी काढताना 0.90 ने गुणावं लागतं. मोठ्या संचात पहिल्या काही रांगांची उणीव बाकीच्यांत विरून जाते.

आता हा गुणांक घेऊन रांगा किती लागतील ते पाहू, कारण शेवटी खरेदी करायचं असतं लोखंड. धूर आत येताना नळीपेक्षा 190 अंश जास्त गरम आहे, बाहेर जाताना फक्त 40. प्रत्येक रांग उरलेल्या फरकाचा ठराविक हिस्सा खाते. तो हिस्सा म्हणजे एका नळीचा परिघ गुणिले गुणांक, भागिले तिच्या वाट्याच्या धुराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता:

```
π*D*h / (ρ*V*ST*cp) = 10.87 / 285 ≈ 0.038
```

190 वरून 40 वर यायला नैसर्गिक लॉगमध्ये 1.56 लागतात, म्हणून 1.56 भागिले 0.038, म्हणजे सुमारे 41 रांगा. वीसपेक्षा जास्त आहेत, म्हणून रांगांची दुरुस्ती लावायची गरज नाही.

दोन ठिकाणी विद्यार्थी नेहमी घसरतात, ती करून बघू. एक, फटीतला वेग न घेता तोंडाचाच 5 मीटर घेतला, तर गुणांक 45 येतो आणि रांगा 63. बावीस रांगांचं लोखंड जास्त. दोन, तापमानाच्या फरकाची साधी सरासरी घेतली, 115 अंश. खरी लॉग-सरासरी 96 आहे. साध्या सरासरीने 34 रांगा पुरतात असं वाटतं, आणि मग यंत्र चालू झाल्यावर धूर 300 ला येतच नाही. पहिली चूक पैसे घालवते, दुसरी काम बिघडवते. आमच्या मते दुसरी जास्त वाईट, कारण ती कागदावर छान दिसते.

आणि सूत्रावर किती विश्वास ठेवायचा? पंधरा टक्के इकडेतिकडे सहज. म्हणजे 69 हा 59 ते 79 असा वाचा. कामाला 41 रांगा न घेता 47-48 धरणं शहाणपणाचं. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांचं प्रारण थोडी मदत करतं, ते आपण मोजलेलं नाही.

मग आड-तिड का नाही? तिथे चांगलं मिळेल ना? याच अंतरांना आड-तिडचं सूत्र 69 च्या जवळपासच देतं! प्रवाहाच्या दिशेतलं अंतर 60 मिमी केलं तर सुमारे 76 होतं, म्हणजे दहा टक्क्यांचा फायदा. त्याबदल्यात दोन गोष्टी येतात. धूर वळत जातो म्हणून दाबाची घट वाढते, पंख्याला जास्त वीज लागते. आणि आपल्या देशातल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते. ती त्या अरुंद तिरक्या फटींत साचते आणि सुटबलोअरच्या वाफेचा झोत आत पोचत नाही. सरळ गल्लीत झोत शेवटपर्यंत जातो. म्हणून आपल्याकडच्या इकॉनॉमायझरमध्ये सरळ रांगेकडे कल असतो.

वेग वाढवून गुणांक वाढवायचा मोह होतो. पण घात बघा: वेग दुप्पट केला तर गुणांक 0.63 च्या घाताने, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त वाढतो. दाबाची घट जवळपास चौपट होते. आणि राखेच्या कणांनी होणारी नळीची झीज वेगाच्या तिसऱ्या घाताच्या आसपास, म्हणजे आठपट किंवा त्याहून जास्त. म्हणूनच राखेच्या धुरात फटीतला वेग दहा मीटरच्या आसपास धरतात.

शेवटी, चालू यंत्रात हा गुणांक पडला आहे हे ओळखायचं कसं? नळीवर फक्त एक मिमी राख बसली आणि तिची वाहकता 0.2 धरली, तर 69 चा परिणामी गुणांक 51 होतो. त्याच 41 रांगांतून धूर 300 ऐवजी सुमारे 320 ला बाहेर पडतो. पण नुसतं बाहेरचं तापमान वाढलं म्हणून राखेला दोष देऊ नका. सोबत संचावरच्या दाबाची घट पाहा. भार आणि हवा तीच असताना तापमान वाढलं आणि घटही वाढली, तर फटी भरत आहेत; झोत मारा. तापमान वाढलं पण घट तेवढीच किंवा कमी, तर बहुधा संच आणि भिंतीमधली अडवणारी पट्टी गेली आहे, आणि धूर नळ्यांना न शिवता त्या मोकळ्या वाटेने पळतो आहे. तिथे झोत मारून काही होणार नाही. उलट त्या वाटेलगतच्या नळ्यांवर धुराचा वेग वाढतो, म्हणून बंद पडेल तेव्हा सगळ्यात आधी त्याच नळ्यांची जाडी मोजायची.