एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी

मराठा इतिहासावरचं एक पुस्तक तिघे अभ्यासक मिळून लिहीत आहेत असं समजू. प्रत्येकाची प्रकरणं वेगळी, प्रत्येकाच्या वर्ड फाइलला स्वतःची संदर्भसूची. फायली एकत्र जोडल्यावर मजकुरात एके ठिकाणी (Gordon, 1993a) आणि दुसरीकडे (Gordon, 1993b) असं छापून येतं. वाचकाला वाटतं, स्टुअर्ट गॉर्डन यांनी त्या वर्षी दोन पुस्तकं लिहिली. प्रत्यक्षात दोन्हीकडे केंब्रिजने काढलेलं ‘द मराठाज 1600–1818’ हेच पुस्तक असतं. सूचीत दुहेरी नोंद शिरल्याची ही सगळ्यात ठळक खूण. दुसरी खूण म्हणजे आडनावाआधी नाहक आलेलं ‘S.’ किंवा ‘Stewart’. एकाने आद्याक्षर आणि दुसऱ्याने पूर्ण नाव भरलं, की सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती समजतं.

अशा वेळी बहुतेक जण सूचीतली एक ओळ खोडून मोकळे होतात. सूची स्वच्छ दिसते, पण मजकुरातला 1993b तसाच राहतो आणि आता त्याला सूचीत धनीच उरत नाही. कारण सूची ही नुसती छापील फलनिष्पत्ती आहे. दुरुस्ती व्हायला हवी ती मागच्या नोंदींमध्ये.

झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वाट अशी आहे. आधी सगळ्या फायलींच्या प्रती बाजूला ठेवायच्या. मग तिघांची मिळून एक ‘ग्रुप लायब्ररी’ उघडायची आणि प्रत्येकाने आपल्या नोंदी तिच्यात ओढून टाकायच्या. तिथल्या `Duplicate Items` या कप्प्यात संशयित जोड्या दिसतात. झोटेरो शीर्षक, डीओआय आणि आयएसबीएन पाहतं; ते जुळले तर प्रकाशनवर्षात एका वर्षापेक्षा जास्त अंतर नाही ना आणि निदान एका लेखकाचं आडनाव व आद्याक्षर जुळतं का, हे तपासतं. म्हणूनच काही जोड्या निसटतात. एकाने गॉर्डनच्या पुस्तकाचं मूळ वर्ष टाकलं आणि दुसऱ्याने हातातल्या पुनर्मुद्रणाचं, तर यंत्र गप्प बसतं. मराठी पुस्तकांचं तर विचारूच नका: फडके एका नोंदीत ‘फडके, य. दि.’ असतात, दुसरीत ‘Phadke, Y. D.’, आणि शीर्षकही एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये. लिपी बदलली की यंत्राला जोडी ओळखता येत नाही. त्यावर उपाय एकच: यादी लेखकाच्या आणि मग शीर्षकाच्या क्रमाने लावून डोळ्यांखालून घालणे. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

जोडी सापडली की एक नोंद डिलीट करू नका, दोन्ही मर्ज करा. डिलीट केलेल्या नोंदीवर टेकलेलं फाइलमधलं अवतरण लायब्ररीपासून तुटतं. मर्ज केल्यावर जुन्या नोंदीचा धागा नव्या नोंदीला जोडून राहतो. दोन्ही नोंदींचा प्रकार मात्र एकच हवा. एकाने ‘पुस्तक’ आणि दुसऱ्याने ‘पुस्तकातील प्रकरण’ असं नोंदवलं असेल, तर आधी प्रकार दुरुस्त करावा लागतो. आणि इथे थोडं थांबायला हवं: त्या दुसऱ्याने खरोखरच संपादित ग्रंथातलं एखादं प्रकरण उद्धृत केलं असेल, तर ती दुहेरी नोंद नाहीच. दोन आवृत्त्यांचे पृष्ठांक वेगळे असतील, तरीही मर्ज करू नये; नाहीतर तळटीपेतलं पान 140 भलत्याच आवृत्तीत शोधावं लागेल.

एक अडचण उरतेच. नोंदी ग्रुपमध्ये नेल्या, तरी आधी लिहिलेल्या प्रकरणांतली अवतरणं प्रत्येकाच्या खासगी लायब्ररीकडेच बोट दाखवत असतात. त्यामुळे जिथे a-b दिसतं तिथे `Add/Edit Citation` उघडून जुनी नोंद काढायची आणि ग्रुपमधली घालायची. मग प्रकरणांच्या जुन्या सूची काढून शेवटी एकच सूची घालावी आणि `Refresh` दाबावं.

शैलीची भांडणं यानंतर सोपी होतात. एपीए, एमएलए किंवा शिकागो, निवड बदलली की सगळी सूची बदलते. पण नोंदीत नसलेली माहिती कोणतीही शैली देऊ शकत नाही. एपीएच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ वगळलं. त्यामुळे कोणी ते भरलंच नाही आणि संपादकांनी शिकागोची सतरावी आवृत्ती मागितली, तर प्रत्येक पुस्तकाचं गाव शोधत बसावं लागतं. इंग्रजी शीर्षकं वाक्यासारखी, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढीच मोठी ठेवून भरावीत. प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करणाऱ्या शैलीसाठी झोटेरो ते बदलून देतं, उलट दिशेचं काम त्याला जमत नाही.

नवं पुस्तक किंवा प्रबंध सुरू करत असाल, तर पहिलं अवतरण घालण्याआधीच ग्रुप लायब्ररी उघडा आणि सगळ्यांनी तिच्यातूनच नोंदी घ्या.