‘25 टन कांदा पाठवा’

नाशिकहून परदेशी जाणाऱ्या कांद्याच्या ऑर्डरमध्ये ईमेलवर नुसतं ‘25 टन’ लिहिलं, तर घोटाळ्याला जागा राहते. आपला टन 1000 किलोचा असतो, पण अमेरिकेतला टन साधारण 907 किलोचा. तिकडच्या हिशेबाने माल सव्वादोन टनांहून जास्त कमी भरतो, म्हणजे 25 किलोच्या जवळपास 93 गोण्या.

म्हणून वजन किलोत लिहावं आणि सोबत गोण्यांचा गुणाकारही द्यावा:

```
Red onion, 45-55 mm
1000 bags x 25 kg = 25000 kg net
```

गुणाकार जुळला नाही, तर वाचणारा लगेच फोन करतो. एखादं शून्य राहिलं तरी ते इथेच पकडलं जातं. `net` विसरू नये, नाहीतर गोणीचं वजनही कांद्यात धरलं जातं. `mm` हा कांद्याचा व्यास. नुसतं ‘मध्यम’ लिहिलं तर प्रत्येक व्यापारी आपापल्या मापाने निवड करतो.

आकड्यात स्वल्पविराम मी मुद्दाम घातलेला नाही. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविरामच वापरतात, त्यामुळे तिथे ‘25,000’ म्हणजे नुसते पंचवीस.