सॅप कन्सल्टंटचा रेझ्युमे: तीन दशकांचा मागोवा

सॅपची आर-थ्री ही प्रणाली 1992 साली बाजारात आली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातल्या मोठ्या कारखान्यांत ती बसू लागली. तेव्हा कन्सल्टंट म्हणून पुढे आलेली बरीचशी माणसे मूळची खरेदी, स्टोअर्स किंवा अकाउंट्स खात्यातली होती. आपले खाते आठ-दहा वर्षे सांभाळल्यावर त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि त्याच खात्याचे मॉड्यूल हाती धरले. 1996 साली सॅपने ‘असॅप’ ही कार्यपद्धती आणली. तिच्यात तयारी, ब्लूप्रिंट, रिअलायझेशन, अंतिम तयारी आणि गो-लाइव्हनंतरचा आधार असे पाच टप्पे होते. संघ लहान असायचे, त्यामुळे ब्लूप्रिंटच्या बैठकीत बसलेला माणूस बहुधा गो-लाइव्हच्या रात्रीही तिथेच असायचा. अशा काळात रेझ्युमेवरची ‘दोन फुल लाइफसायकल इम्प्लिमेंटेशन’ ही ओळ मोजून घेता येत होती. कामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही या माणसाने पाहिले आहेत, एवढी खात्री त्या आकड्यातून मिळायची.

पुढे कामाची वाटणी झाली आणि आकडा तसाच राहिला. ब्लूप्रिंटसाठी दोघे-तिघे क्लायंटकडे जाऊ लागले, कॉन्फिगरेशन पुण्याहून किंवा बंगळुरूहून होऊ लागले आणि गो-लाइव्ह झाले की तिकिटे सपोर्ट टीमकडे वळू लागली. परदेशातल्या मुख्य कंपनीचे तयार टेम्प्लेट भारतातल्या कारखान्यात उतरवायचे ‘रोलआउट’ही सुरू झाले. 2015 साली एस-फोर हाना आले, त्याबरोबर ‘अ‍ॅक्टिव्हेट’ ही नवी पद्धत आली आणि जाडजूड ब्लूप्रिंटची जागा ‘फिट-टू-स्टँडर्ड’ कार्यशाळांनी घेतली. जुनी ईसीसी प्रणाली जशीच्या तशी हानावर नेण्याचे ‘कन्व्हर्जन’ प्रकल्प वाढले. तिथे क्लायंटची कार्यपद्धती मुळापासून ठरवण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ही सगळी कामे खरी आहेत आणि अवघडही आहेत, पण एकमेकांसारखी नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत मात्र आजही ‘मॉड्यूलमध्ये सखोल ज्ञान, किमान दोन एंड-टू-एंड इम्प्लिमेंटेशन, उत्तम क्लायंट हँडलिंग’ हेच तीन निकष तीन वेगळ्या रकान्यांत असतात. माझे म्हणणे असे की हे रकाने वेगळे तपासण्यात चूक आहे. कन्सल्टंट कोणत्या टप्प्यावर हजर होता आणि तिथे त्याने काय ठरवले, हे कळले की तिन्हींचे उत्तर एकदम मिळते. ते कळले नाही, तर प्रकल्पांची संख्या कितीही असो, हाती काही लागत नाही.

एक नमुना घेऊ. जाहिरात एमएम, म्हणजे खरेदी आणि साठ्याच्या मॉड्यूलची आहे. आठ वर्षांचा अनुभव, एस-फोर हाना आणि थेट क्लायंटसमोर काम करण्याची तयारी हवी आहे. रेझ्युमेत चार प्रकल्प आहेत, चारही ‘एंड-टू-एंड’. प्रत्येकाखाली जवळपास त्याच ओळी दिसतात: खरेदीची संपूर्ण प्रक्रिया कॉन्फिगर केली, रिलीज स्ट्रॅटेजी बसवली, की यूजर्सना प्रशिक्षण दिले, कटओव्हरमध्ये सहभाग घेतला. तारखा पाहिल्या की पहिली शंका येते, कारण चारपैकी दोन प्रकल्प पाच-पाच महिन्यांचे आहेत. मोठ्या कारखान्याचे नवे इम्प्लिमेंटेशन एवढ्यात क्वचितच पुरे होते, तेव्हा हा माणूस मध्येच आला असेल किंवा मध्येच गेला असेल. त्यात कमीपणा काही नाही, पण तसे लिहायला हवे होते. दुसरी शंका ‘सहभाग घेतला’ या शब्दांची. कटओव्हरमध्ये नुसता सहभाग घेणे आणि कटओव्हर पेलणे यांत मोठे अंतर आहे. ते इथे नीट पाहावे लागेल.

समजा, जुन्या प्रणालीत 1000 नगांची एक खरेदी ऑर्डर आहे. त्यांपैकी 600 नग आले आहेत आणि पुरवठादाराचे बिल फक्त 400 नगांचे नोंदले गेले आहे. गो-लाइव्हला ही ऑर्डर नव्या प्रणालीत कशी न्यायची? पूर्ण 1000 नगांची चढवली, तर आलेला माल पुन्हा येणे बाकी दिसेल. उरलेल्या 400 नगांचीच चढवली, तर आलेल्या पण बिल न झालेल्या 200 नगांचे बिल पुढे आल्यावर MIRO मध्ये ते कशावर बसवायचे, हा प्रश्न राहतो. एक मार्ग असा की कटओव्हरपूर्वी अशी सगळी बिले जुन्या प्रणालीतच मागवून मिटवायची. त्यासाठी खरेदी आणि अकाउंट्स या दोन्ही खात्यांना काही आठवडे आधी राजी करावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे नव्या प्रणालीत 600 नगांची ऑर्डर करायची, 200 नगांची आवक 101 या मूव्हमेंट टाइपने दाखवायची आणि सुरुवातीचा साठा 561 ने चढवताना त्यातून हे 200 वगळायचे. वगळायला विसरले, तर साठा 200 नगांनी फुगतो. जुनी जीआर-आयआर बाकी अकाउंट्सने वेगळी चढवली, तर देणेही दोनदा दिसते. हे प्रकरण ज्याने निभावले आहे त्याला एमएम तर येतेच, एफआयची सीमाही माहीत असते, आणि दोन खात्यांच्या प्रमुखांना एका तारखेवर आणण्याचा अनुभवही असतो. मॉड्यूल, सायकल आणि क्लायंट हे तिन्ही निकष इथे एकाच ठिकाणी तपासले जातात. ‘खुल्या ऑर्डरींचे स्थलांतर सांभाळले, आवक-बिलाचा फरक गो-लाइव्हपूर्वी जुळवला’ अशी एक ओळ चार ‘एंड-टू-एंड’पेक्षा जास्त सांगून जाते.

यावर पहिला आक्षेप सपोर्टमधल्या लोकांचा असतो, आणि तो रास्त आहे. सगळा भर टप्प्यांवर दिला, तर वर्षानुवर्षे तिकिटे सोडवणाऱ्यांनी काय करायचे? मला तर सपोर्टमधला चांगला माणूस कित्येकदा मॉड्यूलच्या बाबतीत सरस वाटतो. OBYC मधली खाते-जोडणी चुकल्याने आवक चुकीच्या खात्यावर कशी पडते, हे इम्प्लिमेंटेशनवाल्यापेक्षा त्याने जास्त वेळा पाहिलेले असते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा चालू प्रणालींत करांची रचना बदलण्याचे काम बऱ्याच ठिकाणी सपोर्ट टीमनेच केले. विश्लेषणापासून गो-लाइव्हपर्यंत सगळे टप्पे त्यात होते, तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. तरी त्या कामाला ‘इम्प्लिमेंटेशन’ म्हटले गेले नाही म्हणून जाहिरातीच्या मोजणीत ते बसत नाही. आकड्याने केलेला हा अन्याय टप्पे पाहिल्याने कमी होतो.

दुसरा आक्षेप असा की क्लायंटचे तपशील गोपनीय असतात, मग लिहायचे काय? नाव लिहायची गरजच नाही. ‘वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तीन प्लांट, ब्लूप्रिंटपासून कटओव्हरपर्यंत’ एवढ्याने करार मोडत नाही. तिसरा आक्षेप भरती करणाऱ्यांचा असतो: मुलाखतीत सगळे कळतेच, रेझ्युमे एवढा बारकाईने कशाला वाचायचा? कारण मुलाखतीला कोणाला बोलवायचे, हे रेझ्युमेच ठरवतो. आणि ती गाळणी ‘किमान दोन’ या आकड्यावर चालवली, तर प्रामाणिकपणे ‘एक पूर्ण, दोन रोलआउट’ लिहिणारा आधी गळतो, सगळ्याला ‘एंड-टू-एंड’ म्हणणारा आत येतो.

क्लायंट हँडलिंगबद्दल थोडेच सांगायचे आहे. ‘उत्तम संवादकौशल्य’ हा त्याचा पुरावा होत नाही. फिट-टू-स्टँडर्ड कार्यशाळेत यूजर म्हणतो, जुन्या पद्धतीसारखी सात सह्यांची मंजुरी हवी. तिथे कन्सल्टंटने ती मुकाट्याने बसवून दिली, की रकमेनुसार तीन पातळ्या पुरतील हे आकड्यांनिशी दाखवून साइन-ऑफ घेतला? नाकारलेली किंवा बदललेली एखादी मागणी रेझ्युमेत दिसली, तर तो माणूस क्लायंटसमोर बसला होता असे धरायला हरकत नाही.

ईसीसीचा मुख्य मेंटेनन्स 2027 अखेरपर्यंत असल्याने कन्व्हर्जनची कामे सध्या जोरात आहेत आणि सगळ्याला ‘एंड-टू-एंड’ म्हणणारे रेझ्युमे ढिगाने येतील. नमुन्यातल्या उमेदवाराला जाहिरातीच्या आकड्यावर पास करू नये, नापासही करू नये. त्याला बोलवावे, आणि बोलवण्यापूर्वी चारही प्रकल्पांखाली तो कोणत्या टप्प्यावर आला व कोणत्या टप्प्यावर बाहेर पडला, हे लिहून मागवावे.