प्रतिमान-संदर्भ अनुकूली नियंत्रण

ज्या नियंत्रण पद्धतीत संयंत्राने कसे वागावे हे एका आदर्श गणितीय प्रतिमानाच्या रूपाने आधीच ठरविलेले असते आणि संयंत्राचे प्रत्यक्ष वर्तन त्या प्रतिमानाशी जुळेपर्यंत नियंत्रक आपली अचल मूल्ये स्वतःच बदलत राहतो, त्या पद्धतीस प्रतिमान-संदर्भ अनुकूली नियंत्रण म्हणतात. येथे संयंत्र म्हणजे नियंत्रित करावयाची कोणतीही वस्तू : विद्युत् चलित्र, भट्टी, विमान इत्यादी. या लेखात पद्धतीच्या सर्वांत साध्या प्रकाराचा, म्हणजे केवळ एकच राशी अज्ञात असताना होणाऱ्या अनुकूलनाचा, विचार केला आहे. ही राशी म्हणजे संयंत्राचा लाभांक (गेन) होय. संयंत्राला दिलेल्या स्थिर आदानाच्या किती पट प्रदान अखेरीस मिळते, हे लाभांक दर्शवितो.

लाभांक अज्ञात असणे ही काल्पनिक अडचण नाही. विमानाची सुकाणू-पृष्ठे ठराविक अंशांनी वळविली असता विमान किती वळेल हे हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे उंची व वेग बदलले की तोच नियंत्रक कधी सुस्त, तर कधी अतितीव्र ठरतो. या प्रश्नावर उपाय म्हणून मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या उपकरण प्रयोगशाळेत एच्. पी. व्हिटेकर व त्यांचे सहकारी यांनी १९५८ च्या सुमारास प्रतिमान-संदर्भ पद्धत मांडली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तिच्यातील दुरुस्तीच्या सूत्रास ‘एमआयटी नियम’ असे नाव पडले.

नियमाची उपपत्ती : संयंत्राचे गतिकीय वर्तन G ज्ञात असून लाभांक k तेवढा अज्ञात आहे, असे मानू. प्रतिमानाचे गतिकीय वर्तनही G च असून त्याचा लाभांक k₀ आपण निवडलेला आहे. निर्देश r हा प्रतिमानाला जसाच्या तसा दिला जातो, तर संयंत्राला तो θ या समायोज्य गुणकाने गुणून, म्हणजे u = θr असा, दिला जातो. k माहीत असता तर θ = k₀/k घेऊन प्रश्न संपला असता. तो माहीत नसल्याने संयंत्राचे प्रदान y आणि प्रतिमानाचे प्रदान yₘ यांतील त्रुटी e = y − yₘ हीच काय ती माहिती हाती असते.

त्रुटीच्या वर्गाचा निम्मा भाग J = e²/2 हा θ च्या संदर्भात आलेखित केल्यास वाडग्यासारखा वक्र मिळतो; त्याचा तळ म्हणजे इष्ट θ. तळाकडे जाण्यासाठी θ हा वक्राच्या उताराच्या उलट दिशेने, उताराच्या प्रमाणात सरकवावयाचा. त्यासाठी θ किंचित बदलल्यास e किती बदलतो हे माहीत असावे लागते. येथे ती संवेदनशीलता kGr इतकी, म्हणजेच (k/k₀)yₘ इतकी येते. k अज्ञात असला, तरी k/k₀ हा केवळ एक स्थिर गुणक असल्याने तो समायोजन-स्थिरांक γ मध्ये सामावून घेता येतो आणि पुढील नियम मिळतो :

dθ/dt = − γ yₘ e

यासाठी k चे मूल्य नव्हे, तरी चिन्ह मात्र ठाऊक असावेच लागते. चिन्ह उलट धरल्यास θ तळाकडे न जाता चढाच्या दिशेने धावतो. या उपपत्तीत एक गृहीत दडलेले आहे. उतार काढताना θ स्थिर मानला आहे आणि लगेच त्याला बदलू दिले आहे. θ संयंत्राच्या मानाने फार सावकाश बदलत असेल तरच हे क्षम्य ठरते. ही सावकाशी नेमकी कशाने ठरते, हे उदाहरणावरून दिसून येईल.

उदाहरण : एका चलित्राच्या गतीत व ती मोजणाऱ्या गाळणी-मंडलात प्रत्येकी १ सेकंद कालांकाचा विलंब आहे, म्हणजे G = 1/(s+1)². प्रतिमानाचा लाभांक १ असून संयंत्राचा खरा लाभांक २ आहे, पण तो नियंत्रकाला माहीत नाही. इष्ट θ अर्थातच ०.५. आरंभी θ = १ आहे आणि γ = ०.१ घेतला आहे. निर्देश स्थिर असून y व yₘ दोन्ही स्थिरावल्यावर अनुकूलन सुरू केले जाते.

निर्देश १ असता त्या क्षणी y = २, yₘ = १ व त्रुटी १ असते. θ उतरू लागतो आणि सुमारे १५ सेकंदांत जवळजवळ ०.५ वर येऊन थांबतो. हा निकाल पाहून रचनाकार समाधान पावेल. पण निर्देश निम्मा, म्हणजे ०.५ केल्यास त्याच कामाला एक मिनिट लागते. निर्देश ३ केल्यास θ इष्ट मूल्याच्या दोन्ही बाजूंस साडेसहा सेकंदांच्या आवर्तनाने हेलकावे खातो आणि हे हेलकावे मिनिटभरानंतरही पुरते शमत नाहीत. निर्देश ४ केल्यास प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या दीडपटीहून मोठा होत जातो. संयंत्र तेच, γ तोच. बदलला तो केवळ निर्देश.

कारण सूत्रातच आहे. येथे yₘ हा r एवढा आहे आणि θ मधील चुकीमुळे होणारी त्रुटीही r च्याच प्रमाणात असते. त्यामुळे अनुकूलनाचा वेग r च्या वर्गाप्रमाणे वाढतो. या उदाहरणातील लाक्षणिक समीकरण असे येते :

s³ + 2s² + s + 2γr² = 0

राउथ निकषानुसार γr² ही राशी १ पेक्षा कमी असेल तरच प्रणाली स्थिर राहते. निर्देश ३ असता ती ०.९, तर ४ असता १.६ होते. अशा बिघाडात दोष संयंत्राचा की अनुकूलनाचा हे ओळखण्यासाठी θ गोठवून पाहावा; हेलकावे शमले, तर दोष अनुकूलनाचा होय. ही कसोटी सोपी असूनही पुष्कळदा विसरली जाते. दुसऱ्या टोकाला, निर्देश शून्य असता θ मुळीच बदलत नाही. आणि निर्देश अल्प असता मापनातील लहानसा कायमचा दोषही θ ला चुकीच्या जागी नेतो. उदाहरणार्थ, निर्देश ०.५ असताना y चे मापन ०.१ ने जास्त येत असेल, तर θ हा ०.५ ऐवजी ०.४ वर स्थिरावतो आणि दिसणारी त्रुटी मात्र शून्य असते.

सुधारणा : वर्गाचा हा परिणाम घालविण्यासाठी नियमाच्या उजव्या बाजूस α + yₘ² या राशीने भागतात. α हा लहान धन स्थिरांक असून yₘ शून्य असताना भागाकार निरर्थक होऊ नये एवढ्यासाठी तो असतो. α = ०.१ घेतल्यास लाक्षणिक समीकरणातील अखेरचे पद निर्देश ०.५ असता ०.१४, १ असता ०.१८ आणि ४ असता ०.२० येते, स्थैर्याची मर्यादा २ असल्याने ते सर्वत्र सुरक्षित राहते. अशा प्रकारे ‘प्रसामान्यीकृत’ केलेल्या नियमाने निर्देशाच्या आकारमानाचा उपद्रव बहुतांशी नाहीसा होतो. मात्र γ अतिमोठा घेतल्यास स्थैर्य जाते ते जातेच.

स्थैर्याची हमी उपपत्तीतूनच मिळावी म्हणून पी. सी. पार्क्स यांनी १९६६ मध्ये रशियन गणितज्ञ ए. एम. ल्यापुनोव्ह यांच्या १८९२ मधील स्थैर्य सिद्धांताच्या आधारे नियमाची फेररचना केली. एकच विलंब असलेल्या संयंत्राच्या बाबतीत नियमातील yₘ च्या जागी r ठेवला की, γ चे कोणतेही धन मूल्य चालते. वरील उदाहरणातल्याप्रमाणे दोन विलंब असतील, तर एवढा साधा बदल पुरत नाही. कारण त्रुटी θ च्या बदलाच्या इतकी मागे पडते की, दुरुस्ती पोहोचेपर्यंत तिची दिशाच चुकीची झालेली असते. ज्या विमानांसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, त्यांच्या बाबतीत वायुदाब मोजून त्यानुसार नियंत्रकाचा लाभांक आधीच तयार केलेल्या कोष्टकातून निवडण्याची पद्धतच पुढे अधिक रूढ झाली. जेथे लाभांक कशावर अवलंबून आहे हे मोजता येत नाही, तेथे असे कोष्टक बनविता येत नाही व अनुकूलनाचाच आश्रय घ्यावा लागतो.