रोपाच्या फोटोखाली काय लिहायचं?

जून सरत आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर येतं. हिरव्या रोपाचा फोटो, खाली "चला, झाडे लावू या! रविवारी सकाळी सर्वांनी अवश्य यावे". त्यावर पंचवीस अंगठे उमटतात आणि प्रत्यक्षात नऊ माणसं येतात. त्यातली चार मेन गेटवर उभी राहतात, पाच मागच्या गेटवर. कुदळी दोन, आणि रोपाची प्लॅस्टिकची पिशवी कापायला ब्लेड कोणाकडेच नाही. लोकांना उत्साह नव्हता असं नाही. फोटोखालच्या चार ओळींनी त्यांना करायचं काय ते सांगितलंच नव्हतं.

असा मजकूर लिहायला खड्ड्यापासून सुरुवात करावी. समजा, पुण्यातल्या एका सोसायटीला बारा झाडं लावायची आहेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल हा नेहमीचा खड्डा. बांधकामानंतरच्या मुरमाड, राडारोडा भरलेल्या जमिनीत तो खणणं हौशी माणसांचं काम नाही. ते मजुरांकडून चार-पाच दिवस आधी करून घ्यावं आणि "खड्डे तयार आहेत" असं पोस्टरवर लिहावं. पाठदुखीवाले काका त्या एका वाक्यावर यायला तयार होतात.

खड्डा तयार असेल, तर एक जोडी साधारण पंचवीस मिनिटांत एक रोप लावते. सहा जोड्यांनी प्रत्येकी दोन खड्डे घेतले, की तासाभरात काम उरकतं. म्हणजे लावायला बारा माणसं हवीत. दोन घमेली मातीला एक घमेलं शेणखत या हिशेबाने कालवून पोचवायला चौघं, बांबू ठोकून रोपं बांधायला दोघं. एकूण अठरा. आता "सर्वांनी यावे"ऐवजी नेमकी जागा आणि नेमकी कामं लिहिता येतात :

"रविवार, ६ जुलै, सकाळी ७.३० ते ९.३०. जमायचं बी विंगच्या मागे, पंपरूमशेजारी (मेन गेटवर नाही). बहावा, ताम्हण आणि बकुळ यांची १२ रोपं. खड्डे तयार आहेत.
कामं : रोप लावणं – १२ जण, जोडीने. माती-खत कालवून पोचवणं – ४ जण. बांबू ठोकणं, रोप बांधणं – २ जण. पाणी घालणं, रिकाम्या पिशव्या गोळा करणं – मुलं, सोबत एक मोठं माणूस.
आणा : हातमोजे, जुने बूट, पाण्याची बाटली, टोपी किंवा रेनकोट. घरी असेल तर खुरपं, कुदळ, कटर. त्यावर फ्लॅट नंबर लिहा.
सोसायटी देणार : रोपं, खत, बांबू, सुतळी, चहा-पोहे.
शुक्रवारपर्यंत हव्या त्या कामापुढे नाव लिहा. पाऊस असला तरी काम होईल. विजा असतील तर पुढच्या रविवारी."

यात "कटर" हा शब्द फुकटचा नाही. पिशवी हाताने ओढून काढली की मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटतो, बारीक मुळं तुटतात आणि रोप आठवड्यात माना टाकतं. पिशवी उभी चिरून अलगद सोडवायची. तळाशी मुळं गोल गोल गुंडाळली असतील तर ती मोकळी करायची. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच मातीत ठेवायचं. खोड पुरलं तर ते कुजतं. माती पायाने बेताने दाबायची, म्हणजे आत पोकळी राहत नाही. बांबू मातीच्या गोळ्याबाहेर ठोकून सुतळी मराठी चारच्या आकड्यासारखी सैल फिरवायची, म्हणजे खोड बांबूवर घासत नाही. हे सगळं पोस्टरवर लिहू नये. साडेसात वाजता, सगळे जमल्यावर, पहिलं रोप सर्वांसमोर लावून दाखवावं.

झाडांची नावं मात्र पोस्टरवर हवीतच. त्याचा एक फायदा असा, की कुणी गॅलरीतल्या कुंडीत उगवलेला पिंपळ प्रेमाने घेऊन येत नाही. पिंपळाची मुळं भिंतीत आणि पाण्याच्या टाकीत शिरतात. लावायची जागा फुटपाथवर असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधी घ्यावी आणि मगच तारीख जाहीर करावी.

एक ओळ मुद्दाम शेवटी ठेवावी : "ऑक्टोबर ते मे, पाणी घालण्याच्या पाळीसाठीही नाव लिहा." पावसाळ्यात रोप आपसूक तगतं, ते जातं पहिल्या उन्हाळ्यात. लावायला अठरा जण आले आणि पाळीच्या यादीत दोनच नावं असली, तर बाराऐवजी चारच रोपं लावावीत.

पोस्टर ग्रुपवर टाकण्याआधी ते नुकत्याच राहायला आलेल्या भाडेकरूला वाचायला द्यावं. त्याने "पण नेमकं कुठे?" किंवा "मी काय करू?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर मजकुरात घालायचं राहिलेलं असतं.