साप्ताहिक व्यक्तिगत बैठक (व्यवस्थापन)

साप्ताहिक व्यक्तिगत बैठक म्हणजे व्यवस्थापक आणि त्याच्या थेट हाताखाली काम करणारा एक कर्मचारी यांची दर आठवड्याला ठरलेल्या वारी व वेळी होणारी, दोघांपुरती मर्यादित बैठक. कार्यालयीन बोलीत तिला 'वन-ऑन-वन' असे म्हणतात. कामाचा आढावा हा तिचा एक भाग असला, तरी एरवी बोलण्यात न येणाऱ्या अडचणी वेळीच पुढे याव्यात, हा तिचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

इंटेल या अमेरिकी कंपनीचे अँड्र्यू ग्रोव्ह यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात या बैठकीचे सविस्तर विवेचन केले. ही बैठक कर्मचाऱ्याची आहे, म्हणून विषय त्यानेच ठरवावेत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होय. ती किती दिवसांनी घ्यावी, हे कर्मचारी हाती असलेल्या कामात कितपत मुरलेला आहे यावर अवलंबून असते, असेही ते सांगतात. नव्या कामावर आलेल्या अनुभवी माणसालाही, म्हणूनच, प्रारंभी वारंवार भेटावे लागते. ग्रोव्ह बैठकीसाठी किमान एक तास सुचवतात. मात्र दर आठवड्याला भेट होत असेल, तर अर्धा तास सहसा पुरतो.

विषयपत्रिका

दोघांनाही पाहता व लिहिता येईल अशी एकच टिपणवही किंवा संगणकावरील सामायिक टिपण ठेवतात. आठवडाभरात सुचलेले, पण तातडीचे नसलेले मुद्दे दोघेही त्यात नोंदवत जातात. बैठकीच्या आदल्या सायंकाळपर्यंत कर्मचारी आपले दोन-तीन विषय महत्त्वाच्या क्रमाने वर आणतो. बैठकीत प्रथम मागील आठवड्याचे निर्णय वाचले जातात. त्यानंतरची सुमारे पंधरा मिनिटे कर्मचाऱ्याच्या विषयांना आणि दहा मिनिटे व्यवस्थापकाच्या विषयांना दिली जातात. शेवटच्या काही मिनिटांत कोण, काय, केव्हापर्यंत करणार हे लिहिले जाते. हा क्रम उलटा केल्यास व्यवस्थापकाचेच विषय सगळा वेळ खातात.

उदाहरण

समजा, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागातील एका कर्मचारी महिलेने तीन विषय लिहिले आहेत: ओतीव भागांना होणारा विलंब, तपासणी अहवाल उशिरा मिळणे आणि पुढील महिन्यातील रजा. पहिल्या विषयावर "पुरवठादार बदलू या" असे सांगून व्यवस्थापक मोकळा होऊ शकतो. त्याऐवजी तो विचारतो, "माल आपल्या फाटकाशी कोणत्या तारखेला आला होता?" उत्तरातून कळते की माल वेळेवर आला होता, तो तपासणीसाठी चार दिवस पडून राहिला. म्हणजे पहिले दोन विषय मुळात एकच होते. "मग हे आधी का नाही सांगितलं?" असे विचारण्याचा मोह येथे होतो, पण या प्रश्नाने पुढची बोलणी बंद पडतात. "तपासणी विभागाशी बोलताना काय अडचण येते?" असे विचारल्यावर ती म्हणते, "सर, तिथले प्रमुख मला खूप ज्येष्ठ आहेत. मी तगादा लावला तर बरं दिसणार नाही."

ही संकोचाची गोष्ट विभागाच्या सर्वसाधारण बैठकीत, दहा जणांसमोर, तिने उच्चारलीही नसती. निर्णय असे नोंदवले जातात: पडून असलेल्या मालाची तारीखवार यादी तिने बुधवारपर्यंत द्यावी, व्यवस्थापकाने शुक्रवारपर्यंत तपासणी प्रमुखांना भेटावे. रजेचा विषय दोन मिनिटांत संपतो. पुढील आठवड्याची बैठक याच दोन नोंदींपासून सुरू होते, आणि व्यवस्थापकाने आपला भाग केला नसेल तर तेही तेथे उघड दिसते.

बिघडल्याची लक्षणे

बैठक बिघडली आहे किंवा कसे, हे मागील पाच-सहा आठवड्यांची टिपणे वाचून ओळखता येते. सर्व नोंदी 'अमुक काम झाले, तमुक चालू आहे' अशाच असतील, तर ती बैठक एका ईमेलने भागली असती. कर्मचाऱ्याचा रकाना सतत कोरा असेल, तर त्याला विषय नाहीत असे क्वचितच असते. पूर्वी सांगितलेल्याचे पुढे काही झाले नाही, हे कारण बहुधा आढळते. व्यवस्थापकाला वेळ नसल्यास बैठक रद्द न करता त्याच आठवड्यात पुढे ढकलावी. लागोपाठ दोनदा रद्द झालेल्या बैठकीसाठी तिसऱ्यांदा कोणी मनापासून तयारी करत नाही.

मर्यादा

आठ कर्मचाऱ्यांना प्रत्येकी अर्धा तास दिल्यास आठवड्याचे चार तास लागतात. पंधरा जण असतील, तर जुन्या कर्मचाऱ्यांसाठी पंधरवड्याची बैठक व्यवहार्य ठरते. अनेकांशी संबंधित निर्णय येथे घेतल्यास तीच गोष्ट प्रत्येकाला निरनिराळी सांगितली जाण्याचा धोका असतो. असे विषय सामूहिक बैठकीतच घ्यावे लागतात. व्यवस्थापकाने सरसकट गुप्ततेचे वचन देणेही योग्य नव्हे. लैंगिक छळासारखी तक्रार पुढे आल्यास ती टिपणात लिहून आपसांत मिटवण्याची बाब नसते. भारतात २०१३ च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अशा तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.