गॅरेजमधल्या गाडीचा मालक

१९६० च्या सुमारास अमेरिकेत गाड्या भाड्याने देण्याचा धंदा मुख्यतः विमानतळाभोवती चालायचा. हर्ट्झ आणि एव्हिस या बड्या कंपन्या कामानिमित्त शहरात उतरणाऱ्या प्रवाशासाठी भांडत होत्या. या प्रवाशाला घाई असायची, गाडी नवी लागायची आणि बिल बहुधा त्याचं ऑफिस भरायचं. नवख्याला तिथे शिरायचं तर महागडी जागा, गाड्यांचा मोठा ताफा आणि जाहिरातीचा खर्च, सगळंच आवाक्याबाहेरचं होतं.

सेंट लुईस शहरातल्या जॅक टेलर यांनी १९५७ मध्ये सात गाड्यांवर दीर्घ मुदतीच्या लीजचा व्यवसाय सुरू केला होता. स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली की त्यांची गिऱ्हाइकं विचारायची, ‘तेवढ्यापुरती एखादी गाडी मिळेल का?’ ही अडचण वारंवार कानावर आल्यावर टेलर यांनी १९६२ मध्ये १७ गाड्या भाड्यासाठी वेगळ्या काढल्या. हीच पुढे ‘एंटरप्राइझ’ कंपनी झाली. तिचं गिऱ्हाईक ठरलं: ज्याची गाडी अपघातानंतर किंवा बिघाडामुळे गॅरेजमध्ये पडून आहे, असा त्याच गावातला माणूस.

एकदा हा माणूस डोळ्यांसमोर आल्यावर बाकीचे निर्णय त्याच्या गरजेवरून होत गेले. तो विमानतळावर नसतो, घरी किंवा गॅरेजमध्ये असतो, म्हणून कंपनीने उपनगरांत, कमी भाड्याच्या जागेत छोट्या शाखा काढल्या. त्याला गाडी एक-दोन दिवस नव्हे, दुरुस्ती होईपर्यंत लागते. शिवाय विमा कंपनी रोजच्या भाड्याला मर्यादा घालते, त्यामुळे दर कमी ठेवावा लागतो. तो परवडावा म्हणून गाड्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त काळ वापरल्या गेल्या. आणि मुळात ज्याच्याकडे गाडीच नाही, तो शाखेपर्यंत येणार कसा? त्याला घरून आणायला माणूस पाठवण्याची पद्धत एका शाखेने सुरू केली आणि तीच पुढे कंपनीची ओळख बनली.

यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट जाहिरातीची आहे. गाडी वापरतो एक, पैसे देते विमा कंपनी आणि नाव सुचवतो गॅरेजवाला किंवा दाव्याचं काम पाहणारा विमा अधिकारी. त्यामुळे टीव्हीवर पैसे ओतण्यापेक्षा शाखेतली तरुण मंडळी डोनटचे खोके घेऊन आसपासच्या गॅरेजमध्ये जात, ओळखी वाढवत. १९९० च्या दशकात एंटरप्राइझने हर्ट्झला मागे टाकलं आणि ती अमेरिकेतली सर्वांत मोठी भाड्याच्या गाड्यांची कंपनी झाली.

हीच पद्धत आपल्याकडच्या छोट्या धंद्याला लावून पाहता येते. समजा, पुण्यात कोणाला जेवणाचे डबे सुरू करायचे आहेत. ‘घरगुती जेवण, सर्वांसाठी’ अशी पाटी गल्लोगल्ली आहे. त्याऐवजी मुलं परदेशी असलेली, एकटी राहणारी ज्येष्ठ जोडपी निवडली, तर डबा बदलतो. पोळ्या मऊ हव्यात, तिखट-मीठ बेताचं हवं, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत पोचायला हवं. जेवणारे इथे असले तरी महिन्याचे पैसे कदाचित अमेरिकेतला मुलगा भरेल आणि त्याला आई-बाबा जेवले का, हे कळवणारा निरोपही हवा असेल. नाव सुचवणारे असतील फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि सोसायटीतली ज्येष्ठ नागरिक मंडळी. पत्रकं वाटण्याआधी या लोकांना भेटायला हवं.

निवड फसल्याची खूण ओळखणंही सोपं आहे. गिऱ्हाईक ठरवूनही जेवण, वेळ, दर आणि जाहिरात पूर्वीसारखीच राहिली, तर निवड फक्त पाटीवर झाली आहे. याउलट वर्तुळ फार लहान असण्याचाही धोका असतो. १२० रुपयांचा एक डबा, महिन्याचे २६ दिवस आणि ४० डबे धरले, तर महिन्याची विक्री १,२४,८०० रुपये होते. सामान, गॅस, मदतनीस आणि पोचवणाऱ्याचा पगार यातूनच निघायचा आहे. स्कूटरवरून वेळेत पोचता येईल एवढ्या अंतरात ४० डबे लागतील इतकी घरंच नसतील, तर गिऱ्हाईक कितीही नेमकं असलं तरी धंदा उभा राहणार नाही.

म्हणून मोठी पातेली घेण्याआधी एक वही घ्यावी. परिसरातल्या अशा घरांची नावं, त्यांची सध्याची जेवणाची सोय आणि पैसे कोण देणार, हे त्या घरांशी बोलून लिहावं. पुरेशी घरं भरली तर स्वयंपाकघर सुरू करावं. नाही भरली तर परिसर किंवा गिऱ्हाईक बदलून पुन्हा यादी करावी.